वाढदिवसाचा खाऊ आणि ज्याच्या त्याच्या घरची रीत

"मार्चमध्ये मुलाचा सातवा वाढदिवस केला. दीर जर्मनीहून आले होते. त्यांनी आणलेल्या जेलीच्या गोळ्या मी सगळ्या मुलांच्या रिटर्न गिफ्टच्या पिशवीत घातल्या. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या जैन मैत्रिणीने पुडी न उघडताच परत आणून दिली. 'जिलेटिन आहे गं यात,' एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं, फळांच्या गोळ्या म्हणजे शाकाहारीच असणार. मग लक्षात आलं, वरच्या मजल्यावरच्या मुस्लिम कुटुंबातली दोन मुलंही त्याच गोळ्या घेऊन गेली होती. त्यांची आई काही बोलली नाही, पण तेव्हापासून मलाच तिच्यासमोर अवघडल्यासारखं होतं. आता डिसेंबरमध्ये मुलीचा वाढदिवस आहे, चौदा मुलं येतील. नवरा म्हणतो, खाऊच नको, कंपासपेटी दे. सासूबाई म्हणतात, शुद्ध शाकाहारी आणलं की झालं, आणि मुलांना काय कळतंय! मला वाटतं, जैन आणि मुस्लिम मुलांच्या पिशव्या वेगळ्या कराव्यात. पण मग प्रत्येकाला धर्म विचारत फिरायचं का?"
— एक आई, पुणे

ताई,

डिसेंबरच्या आधी एक काम करून टाका. वरच्या मजल्यावर जा आणि त्या आईला सरळ सांगा: "मार्चमध्ये दिलेल्या गोळ्यांत जिलेटिन होतं. कशाचं ते मला माहीत नाही. तेव्हा लक्षात आलं नाही, आता आलं म्हणून सांगते." एवढंच. लांबलचक माफी नको, नाहीतर "अगं, काही नाही गं" म्हणत तुमचीच समजूत काढायची वेळ तिच्यावर येईल. खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीने पुडी परत करून तुमच्यावर भरवसाच दाखवला आहे. तुम्हाला खरं सांगता येईल असं तिला वाटलं. जी गप्प राहिली तिलाही तसं वाटायला हवं, आणि त्याची सुरुवात तुमच्या बाजूने होऊ शकते.

आता जिलेटिनबद्दल, कारण मुलांच्या खाऊत गोंधळ होतो तो बहुतेक याच्यापायी. जनावरांची कातडी आणि हाडं प्रक्रिया करून, उकळून ते काढतात. जेलीच्या गोळीला तो चिवट लवचिकपणा त्यामुळे येतो. युरोपात ते बरेचदा डुकराच्या कातडीपासून बनवलेलं असतं. आखाती देशांतून येणाऱ्या, हलालचा शिक्का असलेल्या गोळ्यांत ते बहुतेक वेळा गाई-बैलांपासून काढलेलं असतं. म्हणजे दिरांनी जर्मनीऐवजी दुबईहून गोळ्या आणल्या असत्या, तर वरच्या मजल्यावर कदाचित चालल्या असत्या, आणि सासूबाईंना मात्र ते कळल्यावर अन्न गोड लागलं नसतं. जैन घरात तर दोन्ही नकोच. म्हणून परदेशी गोळ्यांच्या बाबतीत "हलाल लिहिलंय" किंवा "फळांच्या रसाची आहे" यातलं काहीच सगळ्यांसाठी पुरत नाही.

भारतात विकायला ठेवलेल्या पाकिटावर चौकोनातला हिरवा ठिपका किंवा तपकिरी खूण असावीच लागते. पूर्वी मांसाहारी खूणही ठिपकाच होती, रंग तेवढा वेगळा. २०२० च्या लेबलच्या नियमांनी तिथे त्रिकोण आणला, त्यामुळे रंग नीट ओळखता न येणाऱ्यांनाही आता फरक कळतो. जिलेटिन असलेल्या पाकिटावर हा तपकिरी त्रिकोण येतो. हिरव्या ठिपक्याच्या जेलीत त्याऐवजी फळांपासून काढलेलं पेक्टिन, समुद्री शेवाळापासूनचं आगर (आपल्याकडच्या दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं ते) किंवा स्टार्च असतं. पण बॅगेतून आलेल्या खाऊवर भारतातली खूण नसते आणि घटकांची यादीही बरेचदा परक्या भाषेत असते. तुमच्याकडे झालं ते नेमकं हेच. परदेशातला खाऊ घरात कौतुकाने खा, पण यादी स्वतः वाचता येत नसेल तर तो दुसऱ्याच्या मुलाच्या पिशवीत घालू नका.

केकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. "एगलेस" म्हणजे अंडं नाही, एवढंच. मूस, चीजकेक आणि मार्शमेलो लावलेल्या केकमध्ये अंडं नसूनही जिलेटिन असू शकतं. डिसेंबर म्हणजे नाताळचे दिवस, बेकरीत प्लम केकची रेलचेल असते आणि त्यातला सुका मेवा पुष्कळ ठिकाणी रममध्ये भिजवलेला असतो. म्हणून केक सांगताना तीन गोष्टी विचारा: अंडं आहे का, जिलेटिन आहे का, रम किंवा वाइन आहे का. काउंटरवरच्या मुलाला बहुतेक वेळा माहीत नसतं आणि तो "सगळं व्हेज आहे मॅडम" म्हणून मोकळा होतो. केक बनवणाऱ्याशी फोनवर बोला. साधा एगलेस स्पंज आणि व्हिप्ड क्रीम असा केक सगळ्यांत सोपा पडतो, कारण त्यात लपायला जागा कमी असते. तरी प्रश्न विचाराच.

सासूबाईंचं "शुद्ध शाकाहारी" याकडे वळू. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे: हिरवा ठिपका पाहिलात की मांस, अंडं आणि जिलेटिन हे तीन प्रश्न सुटतात. पण तो ठिपका त्याच्या पलीकडचं काही सांगत नाही. बटाट्याच्या वेफर्सवर हिरवा ठिपका असतो, आणि कंदमुळं न खाणाऱ्या जैन घरात ते चालत नाहीत. मधाच्या पदार्थावरही हिरवा ठिपका असतो, आणि जैन आचारात मध वर्ज्य आहे. चकचकीत कवचाच्या गोळ्यांना चमक आणायला कधी कधी लाख लावतात. घटकांच्या यादीत ती शेलॅक किंवा ९०४ या आकड्याने येते. लाखेच्या किड्यापासून ती मिळत असली तरी आपल्या नियमांत ती मांसाहारी धरलेली नाही. चांदीच्या वर्खावरून काजूकतलीसुद्धा परत येऊ शकते, कारण वर्ख पूर्वापार कातड्याच्या थरांत ठेवून ठोकत आले आहेत. पुष्कळ जैन घरं मिठाई वर्खाशिवायच मागतात. ही यादी पाठ करायची नाही. ठिपका पाहिल्यावरही एक प्रश्न विचारावा लागतो, एवढं ध्यानात आलं तरी पुरे.

वेगळ्या पिशव्यांचा बेत मात्र सोडून द्या असं मी आग्रहाने सांगेन. तुमचा हेतू चांगला आहे, पण मुलं पिशव्या घेऊन निघतात तेव्हा काय होतं ते आठवा. लिफ्टची वाट पाहतानाच पिशव्या उघडतात, जिन्यात बैठक बसते, सगळं जमिनीवर ओतलं जातं आणि अदलाबदल सुरू होते. तुझी लाल मला दे, माझी पिवळी तू घे. तुम्ही जपून वेगळ्या केलेल्या दोन पिशव्यांतला माल पाचव्या मिनिटाला सगळ्यांच्या हातात असतो. म्हणजे ज्या कारणासाठी वेगळं केलं, तेच साधत नाही. आणि त्या आधी एक सेकंद असा असतो की आपल्या पिशवीत दुसऱ्यांपेक्षा काहीतरी निराळं आहे, हे त्या मुलीला दिसतं. ती कारण विचारते आणि उत्तर कुणीतरी भलताच देतो. चौदा मुलं असतील तर सगळ्या चौदांना चालेल असाच खाऊ निवडा. त्यासाठी दोन-तीन पदार्थ गाळावे लागतील, आणि ते न मिळाल्याचं कुणाला कळणारही नाही.

धर्म विचारायची गरज नाही, आणि विचारलात तरी उपयोग होणार नाही. एका जैन घरात बटाटा बाहेर गेल्यावर चालतो, दुसऱ्यात मुळीच नाही. एका मुस्लिम घरात कुठलीही शाकाहारी मिठाई आनंदाने खातात, दुसऱ्यात देवापुढे ठेवलेला प्रसाद घेत नाहीत. मराठा घरातल्या एखाद्या माळकरी आजोबांमुळे नातवंडांच्या ताटातही कांदा-लसूण नसतो. आणि शेंगदाण्याची ॲलर्जी कुठल्याच आडनावावरून ओळखता येत नाही. म्हणून नाव पाहून अंदाज बांधण्याऐवजी सगळ्या चौदा घरांना सारखाच निरोप पाठवा. मी असा लिहीन:

"नमस्कार! मुलीच्या वाढदिवसाला मुलांना घरी जाताना थोडा खाऊ देणार आहे. सगळ्यांना सारखाच द्यायचा आहे, म्हणून विचारते: तुमच्याकडे काय चालत नाही? कशाची ॲलर्जी आहे का? कारण सांगायची काहीच गरज नाही. केक एगलेस आहे आणि पाच वाजता कापणार आहोत."

हा निरोप ग्रुपवर टाकू नका, एकेकीला वेगळा पाठवा. ग्रुपवर पहिली म्हणते "आमचं काही नाही, सगळं चालतं", मग दुसरी-तिसरीही तेच लिहिते, आणि जिच्याकडे खरोखर काही चालत नाही ती गप्प बसते. "कारण सांगायची गरज नाही" हे वाक्य गाळू नका, लोक त्यामुळेच मोकळेपणाने उत्तर देतात. आणि निरोप आठ-दहा दिवस आधी जाऊ दे, म्हणजे उत्तर आल्यावर बेत बदलायला वेळ राहील.

पाच वाजताचा उल्लेखही मुद्दाम केला आहे. डिसेंबरात पुण्यात सूर्य साधारण सहाच्या सुमाराला मावळतो. काही जैन घरांत मुलंसुद्धा सूर्यास्तानंतर खात नाहीत. साडेसहाला केक कापला, तर खाऊ कितीही विचारपूर्वक निवडलेला असो, ते मूल रिकामी ताटली धरून बसणार.

आता धरून चालू की उत्तरं अशी आली: दोन घरांत अंडं आणि जिलेटिन नको, त्यातल्या एकात कंदमुळं आणि मधही नको, दोन मुलांना जिलेटिन आणि दारूचा अंश नको, एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, बाकीच्यांना काहीही चालतं. पहिल्यांदा वाचताना वाटतं की आता उरलं काय? पुष्कळ उरतं. शेंगदाण्याची चिक्की आणि गुडदाणी गेली, मधाचे बार गेले, वेफर्स गेले, जेली गेली. राजगिऱ्याचे लाडू राहिले, चुरमुऱ्याचे लाडू राहिले, आणि डिसेंबर आहे म्हणून नागपूरची संत्रीही राहिली. अख्ख्या संत्र्यावर ना ठिपका लागतो ना घटकांची यादी. मुलांच्या पिशवीत संत्रं शोभत नाही असं आपल्याला उगाच वाटतं. सालावर शाईच्या पेनाने डोळे-नाक काढून द्या, मुलं ते हातातून खाली ठेवत नाहीत.

राजगिऱ्याचा लाडू मी सगळ्यांत वर ठेवेन. त्यात लाह्या, गूळ आणि चमचाभर तूप एवढंच. उपवासालाही चालतो, त्यामुळे कुणाच्या घरी त्या दिवशी उपवास असला तरी आजीसुद्धा एक तोंडात टाकू शकते. विकतचा घेणार असाल तर यादी वाचा, कारण कित्येक दुकानांत त्यात शेंगदाणे घालतात, किंवा त्याच परातीत आधी चिक्की थापलेली असते. तुमच्या यादीत ॲलर्जीवालं मूल आहे असं धरलंय, तेव्हा घरी केलेला बरा.

चार वाट्या लाह्या चाळून घ्या, न फुटलेले दाणे खाली राहिले तर दाताखाली खडे लागतात. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तुपावर एक वाटी चिरलेला चिक्कीचा गूळ मंद आचेवर विरघळवा. फेस आला की वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून पाहा. थेंब पसरला किंवा बोटाला मऊ लागला तर पाक कच्चा आहे, लाडू दुसऱ्या दिवशी चिकट होऊन बसतील. थेंबाची घट्ट गोळी झाली आणि वाटीवर आपटल्यावर टण आवाज आला की लगेच गॅस बंद करून लाह्या घाला. इथे रेंगाळलात तर गूळ करपतो आणि लाडू कडवट लागतात. मिश्रण गरम असतानाच हाताला पाणी लावून लिंबाएवढे लाडू वळा. गार झालं तर वळत नाही, अशा वेळी कढई पुन्हा मिनिटभर मंद आचेवर ठेवली की सैल होतं. वळताना मुलांना लांब ठेवा, गुळाच्या पाकाचा चटका वाईट असतो. पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरा. आधी एक घाणा करून पाहा, म्हणजे तुमच्या आकाराचे किती लाडू होतात ते कळेल आणि चौदा जणांचा हिशेब चुकणार नाही.

ॲलर्जीबद्दल एक गोष्ट वेगळी सांगते, कारण ती बाकीच्या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे. जिलेटिन चुकून पोटात गेलं तर एका घराचं मन दुखावतं, आणि ते बोलून सावरता येतं. शेंगदाणा चुकून गेला तर काही मुलांचा श्वास अडकू शकतो. म्हणून त्या मुलाच्या आईला निरोपावर न थांबता फोन करा. नुसता पदार्थ चालत नाही, की त्याच भांड्यात केलेलंही चालत नाही, हे विचारा. ती म्हणाली की "त्याचा डबा मी घरून देते", तर मान्य करा. वेगळ्या पिशवीला मी नको म्हटलं, त्याला हा एक अपवाद. बरोबर धाकटी भावंडं येणार असतील, तर चार-पाच वर्षांखालच्यांच्या हातात अख्खे काजू-बदाम किंवा टणक गोळ्या पडू देऊ नका, त्या घशात अडकतात.

"मुलांना काय कळतंय" हे मला पटत नाही, ताई. सात-आठ वर्षांच्या मुलाला आपल्या घरी काय चालत नाही हे पक्कं माहीत असतं, आणि ते पाळल्याचा त्याला अभिमानही असतो. मोठ्यांनी आग्रह केला की ते कात्रीत सापडतं: नाही म्हणावं तर काकूंना वाईट वाटतं, खावं तर घरी सांगावं लागतं किंवा लपवावं लागतं. म्हणून एखादं मूल "आमच्याकडे चालत नाही" म्हणालं, की "एवढंसं खा, कुणाला सांगणार नाही" असं कुणीही म्हणू नये, आजींनीही नाही. "बरं, मग संत्रं घे" म्हणा आणि पुढच्या मुलाकडे वळा. आईवडिलांचा नियम तुम्हाला कडक वाटत असेल, तरी तो ढिला करायची जागा तुमच्या घरातला वाढदिवस नाही. तुमची मुलगी नंतर विचारेल, ती का खात नाही? "त्यांच्या घरी ते खात नाहीत, जसं आपल्याकडेही काही गोष्टी खात नाहीत," एवढं उत्तर तिला पुरतं.

याचीच दुसरी बाजू प्रसादाची. वाढदिवसाला घरात पूजा असेल आणि शिरा मुलांना द्यायचा असेल, तर देण्याआधी "हा नैवेद्याचा आहे" असं सांगा. ज्यांना नको असेल ते हसून नाही म्हणतील. नैवेद्य दाखवण्याआधी थोडा शिरा बाजूला काढून ठेवलात, तर त्यांनाही तो गरम गरम देता येईल. आणि ईदला वरून शीरखुर्मा आला, तर सासूबाईंना त्यात काय असतं ते सांगा: दूध, शेवया, खजूर, तूप, सुका मेवा. मांसाचा त्यात संबंध नसतो. त्यांची अडचण भांड्याची असेल, तर तो त्यांचा प्रश्न आहे, त्यांच्यावर जबरदस्ती नको. पण मुलांना वाटीभर खायचा असेल तर खाऊ द्या.

नवऱ्याच्या कंपासपेटीला माझा विरोध नाही. शाळेत वाटायचं असेल तर मी स्वतः तेच सुचवेन, कारण वर्गात चाळीस-पन्नास मुलं असतात, सगळ्यांच्या घरी निरोप धाडता येत नाही, आणि कित्येक शाळा खाऊ वाटायला परवानगीही देत नाहीत. पण सोसायटीतली चौदा मुलं तुमच्या ओळखीची आहेत, त्यांच्या आया तुमच्या फोनमध्ये आहेत. इथे खाऊ काढून टाकला तर भीतीपोटी काढला असं होईल, आणि विचारायची वेळ फक्त पुढे ढकलली जाईल. हवं तर दोन्ही द्या: पेन्सिल, संत्रं आणि दोन लाडू.

पिशवी भरताना लाडूच्या पुडीवर एक चिठ्ठी चिकटवा: "राजगिऱ्याच्या लाह्या, गूळ, तूप. घरी केलेले. शेंगदाणे नाहीत." तारीखही लिहा. संध्याकाळी घरी पोचल्यावर ज्या आईला शंका येईल, तिला फोन करून विचारावं लागणार नाही.